बत्तीस बिटांची सीडी

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता सगुणा नाखवाचा प्रोग्राम चारचौघांत तोंडावर आपटला. आपटला म्हणजे सुरूच झाला नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात औषधांचा कच्चा माल बनायचा. तिथल्या मॅनेजरांच्या केबिनमध्ये विंडोज पंच्याण्णववाला कोरा कॉम्प्युटर येऊन बसला होता. त्याला झेंडूचा हार घालून झाला होता, पेढेही वाटून झाले होते. आणि सगुणाने प्रोग्राम चालू केल्यावर पडद्यावर एक करडी चौकट उगवली: डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड. तुम्ही सांगताय त्या नावाचं इथे कुणी राहत नाही, असं कॉम्प्युटर म्हणत होता. पेढा तोंडात तसाच ठेवून सगळे तिच्याकडे बघत राहिले.

सगुणा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. बीएस्सी झालेली, आणि चार वर्षांपूर्वी लॅबचे निकाल टाइप करायला म्हणून या कारखान्यात लागलेली. पण माणूस नुसतं टाइप तरी किती करणार? तिने जेवणाच्या सुट्टीत मॅन्युअलं वाचून काढली, व्हिज्युअल बेसिक शिकली, आणि आठ महिने खपून एक प्रोग्राम लिहिला. मालाच्या कुठल्याही घाण्याचा, म्हणजे बॅचचा, नंबर टाकायचा. कच्चा माल कधी आला, कुणी तपासला, शुद्धता किती निघाली, सगळं आलेखासकट समोर. आई आवडाबाईने तर अख्ख्या चेंदणीत सांगून ठेवलं होतं की आमच्या सगुणाने कंपनीचा कंपूटर शिकवून तयार केला. त्यामुळे तोंडावर आपटायला जागा मोठी होती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता जर्मन गिऱ्हाइकाचा निरीक्षक यायचा होता. तो वाटेल त्या बॅचची कुंडली मागणार होता. मॅनेजर गोपीनाथराव वैद्यांनी सगुणाला शब्द दिला होता, की हे नीट चाललं तर तुमची टायपिस्टची जागा संपली, तुम्ही प्रोग्रामर. न चालण्याबद्दल आतापर्यंत कुणी काही बोललं नव्हतं. ते गोपीनाथराव आता बोलले, आणि आवाज न चढवता बोलले, हे जास्त वाईट.

"सगुणाबाई, उद्या बारापर्यंत मी थांबेन. नाही चाललं तर लिनोंच्या कंपनीचं तयार पॅकेज आहे, ते दाखवू. मग पुढेही तेच राहील. तुम्ही लॅबमध्ये तुमच्या मूळ कामावर."

लिनो मिनेझिस हा माजिवड्याचा. कॉम्प्युटर त्यानेच पुरवला होता, आणि कारखान्यातल्या फ्लॉप्यांवरून ड्रायव्हरही त्यानेच चढवला होता. पोरगा वाईट नव्हता. फक्त स्वतःबद्दल त्याला कधी शंका येत नसे, आणि असा माणूस शेजारी उभा असला की आपल्याला स्वतःबद्दल दुप्पट येते. त्याने सगळ्यांसमोर त्याच कॉम्प्युटरवर एक्सेल उघडलं आणि तेच नाव वापरून तीच माहिती मागवली. धाडधाड आकडे उतरले.

"ड्रायव्हर एकदम ओके आहे सर," तो म्हणाला. "लाइन पण ओके. लोचा प्रोग्राममध्ये आहे."

एक्सेल चालताना सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. कारखान्याची सगळी माहिती मागच्या खोलीतल्या मोठ्या युनिक्स मशीनमध्ये. तिच्यापर्यंत पोचायचं तर मध्ये ओडीबीसी नावाचा मध्यस्थ लागतो. प्रोग्राम त्याला एक नाव सांगतो. मध्यस्थ आपल्या यादीत बघतो की या नावाचं मशीन कुठलं आणि त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर कुठला, आणि गाठ घालून देतो. एक्सेलची गाठ पडत होती. सगुणाची पडत नव्हती. कुठल्याही शहाण्या माणसाने सगुणालाच दोष दिला असता, आणि दुपारपर्यंत सगुणानेही तेच केलं.

तिने आठ महिन्यांचा कोड वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. नावाची स्पेलिंग तपासली, मधली मोकळी जागा तपासली. जेवणाचा डबा उघडलाच नाही. तिला रडू येत होतं आणि रडण्याचाच राग येत होता. लॅबमधल्या जुन्या मशीनवर, विंडोज तीनवर, हाच प्रोग्राम आठवडाभर निमूट चालला होता. तिथे फक्त आलेख नव्हता. आलेख काढणारा तुकडा बत्तीस बिटांचा मिळाला होता आणि तो जुन्या मशीनवर चालेना, म्हणून काल संध्याकाळी नव्या मशीनवर तिने प्रोग्राम बत्तीस बिटांचा बांधून घेतला होता. तिच्या व्हिज्युअल बेसिकच्या खोक्यात दोन्ही सोयी होत्या, एक सोळा बिटांची, म्हणजे जुन्या विंडोजच्या घडणीची, एक बत्तीसची, म्हणजे नव्या. ओळी त्याच, फक्त बांधणी वेगळी.

चारच्या सुमाराला ती उठली, चेहऱ्यावर पाणी मारून आली, आणि कोडची खिडकी बंद केली. आठ महिने जो कोड आपल्याला कधी फसवत नव्हता तो आज एका रात्रीत कसा फसवेल, असं तिच्या मनाने घेतलं. एका मध्यस्थाला नाव माहीत आहे आणि नाहीही, असं कसं होईल? होईल, जर मध्यस्थ दोन असतील तर.

तिने कंट्रोल पॅनेल उघडलं. तिथे खरंच दोन चित्रं होती. एकाखाली लिहिलं होतं ओडीबीसी, दुसऱ्याखाली बत्तीस बिट ओडीबीसी. दुसरं काल तिच्याच व्हिज्युअल बेसिकबरोबर आलेलं. सकाळपासून लिनोने आणि तिने मिळून दहा वेळा पहिलं चित्र उघडलं होतं, कारण सगळे तेच उघडत आले होते. तिने आता दुसरं उघडलं. यादीत त्यांच्या मशीनचं नाव नव्हतं. ते तिथे घालावं म्हणून तिने ड्रायव्हरांची यादी मागवली, तर त्यांचा ड्रायव्हरही नव्हता. परके चार होते, आपला एक नाही.

लिनो बाहेर चहा पीत होता. तिने त्याला आत बोलावलं आणि विचारलं, एक्सेल कुठलं चढवलंस?

"पाच. आपल्याकडे होतं तेच. का?"

"सोळा बिटांचं ना?"

लिनोने कप खाली ठेवला. हुशार होता, अर्धं त्याला तिथेच कळलं. पण पुरतं पटल्याशिवाय मान डोलावणाऱ्यांतला तो नव्हता, आणि सगुणालाही त्याची नुसती मान नको होती. तिने दहा ओळींचा एक एवढासा प्रोग्राम लिहिला. एक बटण, दाबलं की नाव घेऊन मशीनशी जोडायचं, बस. तो एकदा सोळा बिटांत बांधला, एकदा बत्तीसमध्ये. सोळाचा चालवला. जोडला गेला. बत्तीसचा चालवला. करडी चौकट, तेच वाक्य. दहाच्या दहा ओळी अक्षरशः सारख्या होत्या.

"आयला," लिनो म्हणाला. मग खुर्ची ओढून शेजारी बसला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बसला होता.

सोळा बिटांचे प्रोग्राम आपली यादी विंडोजच्या फोल्डरमधल्या एका साध्या फाइलीत बघतात. बत्तीसवाले रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या नव्या नोंदवहीत बघतात. लिनोच्या डोक्यात लगेच आलं की मग हातानेच ते नाव रजिस्ट्रीत लिहू, आणि जुन्याच ड्रायव्हरकडे बोट दाखवू. सगुणाला शंका होती, पण करून बघण्यात काही जात नव्हतं. लिहिलं. चालवलं. आता चौकट बदलली. नाव सापडलं होतं, पण ड्रायव्हर उचलता येत नाही म्हणाली. सगुणा हसली, आणि त्या दिवसातलं हे तिचं पहिलं हसू. जे तिला वाटत होतं तेच कॉम्प्युटरने सांगितलं होतं. बत्तीस बिटांचा प्रोग्राम सोळा बिटांचा ड्रायव्हर आपल्या पोटात घेऊ शकत नाही. नावाचा प्रश्न नव्हताच, जातकुळीचा होता. हातानं लिहिलेलं तिने नीट पुसून टाकलं.

आता बत्तीस बिटांचा ड्रायव्हर आणायचा कुठून? लिनोने मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावला. पंधरा दिवस लागतील, असं उत्तर आलं. आलेख काढून टाकून सोळा बिटांत दाखवू, असं लिनो भीतभीत सुचवून बघत होता, पण गोपीनाथरावांनी जर्मनांना आलेखाचंच सांगून ठेवलं होतं. पाच वाजता कारखान्याचा भोंगा झाला. सगुणा घरी गेली, आणि आईने काय झालं विचारल्यावर उद्या सांगते म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली, ती सरळ स्टोअरमध्ये. रात्री जेवताना तिला आठवलं होतं की गेल्या वर्षी त्या युनिक्स मशीनचा डेटाबेस नवा घेतला होता. नवा घेतला तर त्याच्याबरोबर नवे ड्रायव्हर आले असणार. स्टोअरचं आवक रजिस्टर तिने पानापानाने चाळलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मॅन्युअल चार नग, सीडी एक नग.

स्टोअरकीपर दामाजी म्हात्रे ठाकुर्लीचे, पन्नाशीचे, आणि किल्ल्यांच्या बाबतीत देवळाच्या पुजाऱ्याइतके कडक. त्यांनी कपाट उघडून सीडी दाखवली. दाखवली म्हणजे लांबून दाखवली. मूळ प्लास्टिकच्या वेष्टणासकट, विकणाऱ्याच्या सीलसकट, वर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू. दोन वेळा पूजा झालेली, एकदाही उघडलेली नाही.

"मला ही हवीय, दामाजीकाका."

"साहेबांचा हुकूम हाय, बाय. ओरिजनल फोराचा नाय, म्हंजे नाय."

हुकूम खरोखरच होता, आणि तो वेडगळ नव्हता. सात वर्षांपूर्वी कुणीतरी मूळ फ्लॉपी मशीनमध्ये घातली आणि ती खराब करून ठेवली. तेव्हापासून गोपीनाथरावांनी नियम घातला, की मूळ प्रत सीलबंद राहील, कामाला नक्कल वापरायची. फ्लॉपीची नक्कल कुणीही करतं. म्हणून चौऱ्याण्णवच्या फ्लॉप्यांच्या नकला, त्यांच्या नकला, असं करत तोच जुना सोळा बिटांचा ड्रायव्हर प्रत्येक मशीनवर चढत आला. पण सीडीची नक्कल करायचं यंत्र कारखान्यात नव्हतं. नक्कल झाली नाही म्हणून सीडी कामाला निघाली नाही, आणि कामाला निघाली नाही म्हणून ती आहे हेही सगळे विसरले. इतका सरळ घोटाळा फक्त अतिशय शिस्तीच्या माणसांनाच जमतो.

सगुणाने वाद घातला नाही. तिने दामाजींना कपाटाला कुलूप लावायला सांगितलं, सीडी मात्र हातात ठेवायला सांगितली, आणि सोबत केबिनमध्ये चला म्हणाली. सीडी माझ्या हातात नको, तुमच्याच हातात राहू दे. यात दामाजींना खोट काढता येईना. दोन्ही हातांवर ताटासारखी सीडी धरून ते तिच्यामागून निघाले.

साडेनऊला गोपीनाथराव आले. केबिनमध्ये सगुणा, लिनो आणि हळदकुंकवाची सीडी घेतलेले दामाजी उभे. त्यांनी चष्मा काढून पुसला. सगुणाने दहा ओळींचे ते दोन प्रोग्राम आधी त्यांच्यासमोर चालवले. एक जोडला गेला, एक नाही. मग ती त्यांना म्हणाली, "साहेब, प्लँटवर इंचाच्या आट्यांचा नट मिलिमीटरच्या बोल्टवर बसतो का?"

"नाही बसत."

"नट चांगला असतो, बोल्टही चांगला असतो. तसंच आहे. माझा प्रोग्राम बत्तीस बिटांचा, आपल्या फ्लॉपीवरचा ड्रायव्हर सोळाचा. एक्सेल सोळाचं म्हणून त्याला तो बसला. बत्तीसचा ड्रायव्हर या सीडीत असणार."

असणार की आहे, असं गोपीनाथरावांनी विचारलं. सगुणा म्हणाली, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. हे खोटं न बोलणं तिला महागात पडू शकलं असतं. गोपीनाथरावांनी लिनोकडे बघितलं. आता इथे लिनोला गप्प बसून आपलं पॅकेज विकता आलं असतं, आणि त्याचा मालक त्याच्यावर खूश झाला असता. पण तो म्हणाला, "बरोबर बोलतेय ती, सर. काल मी चुकलेलो. एक्सेल चाललं म्हणून मी ड्रायव्हरला क्लीन चिट दिली, ती माझी चूक."

गोपीनाथरावांनी सीडीवरचं सील बोटाने चाचपलं. स्वतःचा नियम स्वतःच मोडायचा म्हणजे या वयाच्या माणसाला सोपं नसतं, त्यातून दामाजींसमोर. मग त्यांनी टेबलाच्या खणातून कात्री काढली. दामाजींनी सीडी पुढे धरली, पण सोडली नाही. त्यांच्याच हातात असताना गोपीनाथरावांनी सील कापलं.

सीडी सरकली आत. यादी आली. वरून तिसरी ओळ: ओडीबीसी ड्रायव्हर, बत्तीस बिट. लिनोने टाळी वाजवली आणि मग ओशाळला. सगुणाने ड्रायव्हर चढवला, मशीन बंद करून चालू केलं, आणि कंट्रोल पॅनेलमधलं दुसरं चित्र उघडलं. ड्रायव्हरांच्या यादीत आता आपला होता. तो निवडून तिने तेच नाव, त्याच स्पेलिंगने, या यादीत घातलं. युनिक्स मशीनचा पत्ता घातला. ओके.

आधी दहा ओळींचा प्रोग्राम चालवला. जोडला गेला. मग आठ महिन्यांचा.

तिने माऊसचं बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा राहिला. मग वर कारखान्याचं नाव, खाली बॅच नंबरची रिकामी चौकट, आणि तिच्यात उघडझाप करणारी कांडी. गेल्या आठवड्यातली एक बॅच तिने टाकली. निकाल आले, तपासणाऱ्याचं नाव आलं, आणि उजव्या बाजूला शुद्धतेची निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरसर चढत गेली. सव्वाअकरा वाजले होते. दामाजी पुढे वाकून बघत होते. हे सगला या चकतीत व्हता, असं ते स्वतःशीच म्हणाले. आणि सगुणाला आता रडू आलं, ते तिने लपवलं नाही, कारण आता ते परवडत होतं.

दोन वाजता जर्मन निरीक्षक आला. उंच, थोडा वाकलेला, आणि फार सभ्य. सभ्य लोक किती खोल खणतात ते ज्यांच्याकडे तपासणी होते त्यांनाच माहीत. त्याने आपल्या वहीतून एक नंबर वाचला, दीड वर्षापूर्वीचा. सगुणाने टाकला. उत्तर समोर. त्याने आणखी एक वाचला, मग ज्या बॅचबद्दल त्यांच्याकडे तक्रार आली होती तिचा. सगुणाने तोही टाकला. त्या बॅचची शुद्धता हद्दीच्या आत, पण आधीच्या सहा बॅचेसपेक्षा जराशी खाली, आणि त्याचं कारणही तिथेच लिहिलेलं, की त्या आठवड्यात कच्चा माल दुसऱ्या पिंपातून घेतला. आलेखात तो उतार स्वच्छ दिसत होता. निरीक्षकाने खुर्ची जवळ ओढली आणि तो उतार बोटाने मोजला. जे शोधायला आमच्या लोकांना तीन आठवडे लागले ते इथे एका मिनिटात आहे, असं तो इंग्रजीत म्हणाला. लिनो भिंतीला टेकून उभा होता, आणि हा प्रोग्राम आपलाच असल्यासारखा खूश दिसत होता.

चार वाजता निरीक्षकाने आपला छापील फॉर्म काढला. ही व्यवस्था कुणी तयार केली आणि पुढे काही विचारायचं तर कुणाला, असं त्याने विचारलं. गोपीनाथराव उभे राहिले. कारखान्यात पाहुण्यांची ओळख ते बसूनच करून देत असत, त्यामुळे लिनो आणि दामाजी दोघेही त्यांच्याकडे बघायला लागले.

"मिस सगुणा नाखवा," ते म्हणाले. "अवर प्रोग्रामर."

निरीक्षकाने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तिने आपलं नाव लिहिलं. खाली हुद्द्याची ओळ होती. चार वर्षांत कुठल्याही कागदावर त्या ओळीत तिने टायपिस्ट याखेरीज काही लिहिलं नव्हतं. तिने पेन घट्ट धरलं आणि मोठ्या, वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलं, प्रोग्रामर. मग तिने गोपीनाथरावांकडे बघितलं. ते शाईचं पॅड शोधत होते, कंपनीचा शिक्का मारायला.